सोनेतारणाच्या पावतीवरचे तीन हिशोब

सोनेतारण कर्जाच्या पावतीवर बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते, हातात किती पडणार. तो आकडा मनासारखा असला की सही होते आणि पावती कपाटात, पासबुकाच्या घडीत जाऊन बसते. ती पुन्हा बाहेर निघते ती दागिने सोडवायच्या दिवशी. काउंटरवर सांगितलेली रक्कम आणि घरून मनात धरून आणलेली रक्कम जुळत नाही, मग वाद होतो. खरं तर या वादाचं मूळ बहुधा पहिल्याच दिवशी पावतीवर छापलेलं असतं. ते वाचायला तीन हिशोब यावे लागतात: सोन्याच्या किमतीवर किती टक्के कर्ज दिलं, मुदतीत व्याज किती होणार आणि सोडवायच्या दिवशी नेमके किती भरायचे. तिन्ही हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतात.

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जांसाठी एकत्रित नियम काढले आणि ते अमलात आणायला कर्ज देणाऱ्या संस्थांना १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. बँका, सहकारी बँका आणि सोनेतारणाचा व्यवसाय करणाऱ्या वित्त कंपन्या यांना ते लागू आहेत. परवानाधारक सावकाराला ते लागू नाहीत, त्याच्यावर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा चालतो. नागरी पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. त्यामुळे पावती हाती आली की आधी वरचं नाव वाचावं. ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ यांत फरक आहे, आणि तक्रार कुठे करायची तेही त्यावरच ठरतं.

आता एक पावती समोर घेऊ. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत, पण मांडणी नेहमीची आहे. सांगलीच्या एका गृहिणीला पावसाळ्याआधी घराची गळती काढायची आहे. एप्रिलच्या १० तारखेला त्या दोन पाटल्या आणि एक मंगळसूत्र घेऊन शाखेत जातात. दोन्ही मिळून काट्यावर ३२ ग्रॅम भरतात. सराफाच्या दुकानात त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ११,००० रुपये लिहिलेला आहे. म्हणजे साडेतीन लाखांचं सोनं, असा त्यांचा घरचा अंदाज. पावतीवर मात्र सोन्याचं मूल्य २,६०,००० रुपये लिहिलं आहे. नव्वद हजारांहून जास्त कुठे गेले?

कुणी खाल्ले नाहीत. वजन, कस आणि भाव या तीन ठिकाणी ते गळाले.

पाटल्या भरीव आहेत, १६ ग्रॅम, त्यात वजा काही नाही. मंगळसूत्रही १६ ग्रॅमच भरलं, पण त्यातले काळे मणी आणि ओवलेला दोरा मिळून ५ ग्रॅम. कर्ज फक्त सोन्यावर मिळतं. मणी, खडे, मोती, मीना, लाख यांची किंमत धरली जात नाही. म्हणून पावतीवर ‘एकूण वजन’ आणि ‘निव्वळ वजन’ असे दोन रकाने असतात आणि त्यांच्यामध्ये वजावटीचा. हा मधला रकाना प्रत्येक दागिन्यासमोर वेगळा भरलेला हवा. सगळ्यांची मिळून एकच गोल वजावट टाकली असेल तर तिथेच थांबून विचारावं. मंगळसूत्राच्या मण्यांचा अंदाज घरी करता येतो. लाख भरलेल्या गोठांचा किंवा जडावाच्या हाराचा येत नाही, आणि नेमकं तिथेच पारखणाऱ्याच्या हाताला वाव मिळतो. नव्या नियमांत पारख कर्जदाराच्या समक्ष करणं बंधनकारक आहे आणि वजावट कशाची, किती, हे त्याला समजावून सांगावं लागतं. दागिने आतल्या खोलीत नेऊन पाच मिनिटांनी आकडा घेऊन बाहेर येणं यात बसत नाही.

मंगळसूत्रात उरलं ११ ग्रॅम सोनं. पण ते जुनं, हॉलमार्क सक्तीचा होण्याआधीचं, आणि कसाला २० कॅरेट निघालं. भाव २२ कॅरेटचा लावायचा असेल तर ११ ला २० ने गुणून २२ ने भागायचं. उत्तर येतं १० ग्रॅम. म्हणजे २२ कॅरेटच्या हिशोबात पाटल्यांचे १६ आणि मंगळसूत्राचे १०, एकूण २६ ग्रॅम. काट्यावरचे ३२ इथे २६ झाले.

उरला भाव. सराफाच्या फळ्यावरचा भाव आणि तारणाचा भाव एक नसतो. तारणासाठी मागच्या ३० दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला जो कमी, तो घ्यायचा असतो. तो भावही शाखेने आपल्या मनाने ठरवायचा नसतो. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन किंवा सेबीच्या नियंत्रणाखालचा वायदे बाजार जो भाव जाहीर करतो, तोच धरायचा. असोसिएशनच्या भावात जीएसटी आणि घडणावळ नसते. आपल्या उदाहरणात सरासरी १०,००० आणि आदल्या दिवसाचा भाव १०,६००. सोनं चढत असताना सरासरी मागे राहते, म्हणून १०,००० धरले गेले. सव्वीस गुणिले दहा हजार, दोन लाख साठ हजार. मूल्याचा आकडा बरोबर आहे.

हे सगळं कर्जदाराच्या हातात कागदावर पडायला हवं. पारखीचं प्रमाणपत्र दोन प्रतींत करायचं आणि एक प्रत कर्जदाराला द्यायची, असा नियम आहे. त्यात कस, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट, दागिन्यात आधीपासून असलेली मोडतोड, दागिन्यांचा फोटो आणि मूल्य हे सगळं असतं. शेवटी सोडवताना हाच कागद कामाला येतो.

आता टक्केवारी. बँकेच्या बोलीत हिला एलटीव्ही म्हणतात. कर्जाची रक्कम भागिले सोन्याचं मूल्य, गुणिले शंभर. घरगुती गरजेसाठी घेतलेल्या कर्जाला नव्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पाच लाखांवर ७५ टक्के. ही पायरी एका पावतीवरून ठरत नाही, त्या संस्थेकडे एका माणसाच्या नावे असलेल्या अशा एकूण कर्जावरून ठरते. म्हणून सहा लाखांच्या तीन पावत्या फाडून प्रत्येकीवर ८५ टक्के मिळवता येत नाहीत. तसं कुणी करून देत असेल, तर तो नियम मोडून देतो आहे.

पावतीवर कर्जाचं ‘प्रयोजन’ लिहिलेलं असतं, तेही वाचावं. वर सांगितलेल्या टक्केवारीच्या पायऱ्या घरगुती वापराच्या कर्जासाठी आहेत. शेती किंवा धंद्यासाठीच्या कर्जाचं गणित संस्था वेगळ्या धोरणाने ठरवते. छप्पर दुरुस्तीला घेतलेल्या पैशांसमोर ‘शेती’ असं छापून आलं असेल तर तो निव्वळ टायपिंगचा दोष समजू नये.

आपल्या गृहिणीला शाखेत सांगण्यात आलं, “ताई, तुमच्यासाठी जास्तीत जास्त काढून दिलंय, दोन लाख दहा हजार.” त्यांनी भागाकार केला. २,१०,००० भागिले २,६०,०००, म्हणजे ८०.८ टक्के. मर्यादा ८५ ची. सगळं ठीक दिसतं. पण त्याच पावतीवर खाली परतफेडीच्या रकान्यात लिहिलं आहे की मुद्दल आणि व्याज दोन्ही १२ महिन्यांनी एकदम भरायचं. व्याज द.सा.द.शे. १४, सरळ.

इथे हिशोब फिरतो. शेवटी एकदम फेडायच्या कर्जाला बुलेट परतफेड म्हणतात, आणि अशा कर्जात टक्केवारी हातात पडलेल्या रकमेवर काढायची नसते. मुदत संपताना जी पूर्ण रक्कम द्यायची आहे, तिच्यावर काढायची असते. २,१०,००० वर वर्षाचं व्याज २९,४००. एकूण देणं २,३९,४००. त्याला २,६०,००० ने भागलं की ९२.१ टक्के येतात. मर्यादेच्या सात टक्के वर. पावती पहिल्या नजरेत नियमात बसलेली दिसते, पण ती बसत नाही.

मग बसणारी रक्कम किती? मर्यादेतली सर्वांत मोठी अखेरची रक्कम म्हणजे २,६०,००० चे ८५ टक्के, २,२१,०००. तिला १.१४ ने भागायचं. येतात साधारण १,९३,८६०. त्या बाईंनी १,९०,००० घेतले. वर्षअखेर देणं २,१६,६००, म्हणजे ८३.३ टक्के. व्याज दरमहा भरायचं ठरवलं असतं, तर त्याच सोन्यावर २,१०,००० मिळू शकले असते, कारण तिथे व्याज साचत नाही. दोन शेजारणी सारखंच सोनं ठेवून वेगवेगळी रक्कम घेऊन येतात, त्यामागे बहुधा हे कारण असतं.

अशा एकदम फेडीच्या घरगुती कर्जाची मुदत १२ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत संपल्यावर ते नवं करून मिळतं, पण साचलेलं व्याज भरल्याशिवाय नाही. जुनं व्याज नव्या मुद्दलात मुरवून ‘तुम्हाला काहीच भरायला नको’ असं सांगणारा माणूस कर्जदारावर उपकार करत नसतो.

जास्त रक्कम मिळण्यात आनंद मानू नये, याचं आणखी एक कारण आहे. मर्यादा फक्त पहिल्या दिवशी पाळून भागत नाही, ती कर्ज चालू असेपर्यंत पाळायची असते. समजा या बाईंनी सात महिने एक पैसा भरला नाही आणि भाव दहा हजारांवरून नऊ हजारांवर उतरला. सोन्याचं मूल्य झालं २,३४,०००. देणं साचून २,०५,००० च्या पुढे. प्रमाण ८७ टक्क्यांवर गेलं. शाखेतून फोन येतो, थोडी रक्कम भरा किंवा आणखी सोनं आणा. ज्यांनी सुरुवातीलाच ६५-७० टक्क्यांवर थांबायचं ठरवलं, त्यांना असा फोन येण्याची शक्यता फार कमी.

व्याजाच्या रकान्याकडे वळू. इथे पहिला प्रश्न, दर महिन्याचा की वर्षाचा? बाजारात अजून ‘शेकडा सव्वा’, ‘शेकडा दीड’ चालतं. सव्वा म्हणजे वर्षाला १५ टक्के आणि दीड म्हणजे १८. ऐकायला फरक पावाचा, वर्षाकाठी तीन टक्क्यांचा.

दुसरा प्रश्न, सरळ की चक्रवाढ? आपल्या १,९०,००० वर सरळ १४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २६,६००. तेच दर महिन्याला मुद्दलात मिळवून पुढे आकारलं तर सुमारे २८,३७५. दर तोच, छापील आकडा तोच, आणि पावणेदोन हजार जास्त. पावतीवर किंवा करारात ‘मासिक अंतराने’ असे शब्द असतील तर ते याच गोष्टीबद्दल असतात.

सर्वांत जास्त घोळ मात्र चढत्या दराच्या योजनांत होतो. जाहिरातीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत १२ टक्के. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ९० दिवसांत व्याज भरलं तर १२, नंतर १८. आता १२० व्या दिवशी कर्ज फेडायला गेलं तर काय? साधा माणूस समजतो की पहिले ९० दिवस १२ ने आणि उरलेले ३० दिवस १८ ने. १,९०,००० वर ते होतात ८,४३३ रुपये. पण पुष्कळदा १८ हा मूळ दर असतो आणि १२ ही वेळेवर भरणाऱ्याला दिलेली सवलत. सवलत हुकली की संपूर्ण १२० दिवस १८ ने मोजले जातात, ११,२४४ रुपये. तीस दिवसांच्या उशिराचे २,८११ रुपये जादा. म्हणून सही करण्याआधी नेमका हाच प्रश्न विचारावा, “दर वाढला तर तो त्या दिवसापासून, की पहिल्या दिवसापासून?” आणि उत्तर तोंडी घेऊ नये. कागदावरचं वाक्य बोट ठेवून दाखवायला सांगावं.

पावतीबरोबर आणखी एक कागद मिळतो, की फॅक्ट्स स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना तो सक्तीचा आहे. त्यात एपीआर नावाचा एक दर असतो. तो व्याज आणि सुरुवातीचे खर्च धरून काढलेला वार्षिक दर. आपल्या उदाहरणात प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, ९५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १७१, मिळून १,१२१ रुपये आधीच कापले. हातात आले १,८८,८७९. वर्षभर कर्ज ठेवलं तर खरा खर्च १४ नाही, सुमारे १४.७ टक्के पडतो. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण महिन्याभरातच पैसे हातात आले आणि दागिने सोडवले, तर तेच १,१२१ रुपये तीस दिवसांवर पसरतात आणि खर्च वर्षाच्या हिशोबात २१ टक्क्यांच्या पुढे जातो. थोड्या दिवसांच्या नडीला कर्ज घेणाऱ्याने व्याजदरापेक्षा शुल्काच्या रकान्याकडे आधी पाहावं. किमान किती दिवसांचं व्याज घेणार, हेही तिथेच छापलेलं सापडतं.

आता सोडवण्याचा दिवस. बाईंनी १७ ऑगस्टला मधेच ५०,००० रुपये भरले होते आणि दिवाळीच्या तोंडावर, ५ नोव्हेंबरला, दागिने सोडवायचं ठरवलं. किती न्यायचे?

एका दिवसाचं व्याज काढलं की सगळं सोपं होतं. १,९०,००० गुणिले १४ भागिले १०० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला ७२ रुपये ८८ पैसे. १० एप्रिल ते १७ ऑगस्ट १२९ दिवस, त्यांचं व्याज ९,४०१ रुपये. भरलेल्या ५०,००० मधून आधी हे व्याज वळतं होतं, उरलेले ४०,५९९ मुद्दलातून जातात. मुद्दल राहिलं १,४९,४०१. पन्नास हजार भरले म्हणून मुद्दल पन्नासने कमी होईल, ही समजूत इथे मोडते. पुढे या मुद्दलाचं रोजचं व्याज ५७ रुपये ३० पैसे. १७ ऑगस्ट ते ५ नोव्हेंबर ८० दिवस, ४,५८४ रुपये. एकूण देणं १,५३,९८५.

काउंटरवरचा आकडा याच्या शे-पन्नास रुपये इकडेतिकडे आला तर काळजी नको. काही ठिकाणी घेतल्याचा आणि फेडल्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, त्याचे ५७ रुपये. पण फरक हजारात असेल तर तो चार ठिकाणी शोधावा. पन्नास हजारांची नोंद १७ ऑगस्टलाच झाली का, की नंतरच्या तारखेला? ते पैसे मुद्दलाला लागले, की ‘आगाऊ जमा’ म्हणून नुसते पडून राहिले? दर मधेच चढला का? आणि नोव्हेंबरचे पाचच दिवस झालेले असताना पूर्ण महिना धरला का? या शेवटच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी सगळ्या संस्थांना कान टोचले होते. कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासून व्याज लावणं, किंवा महिन्याच्या मधे फेडलं तरी सगळ्या महिन्याचं व्याज घेणं, हे तपासणीत आढळलं आणि ते अनुचित ठरवलं गेलं. पैसे प्रत्यक्ष हातात पडल्यापासून ते फेडेपर्यंतचंच व्याज.

मुदत उलटून गेली असेल तर हिशोबात दंडाची ओळही असते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत व्याजाचा दर वाढवून दंड लावता येत नाही. ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम दाखवावी लागते आणि त्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पावतीवर ‘दंडव्याज २ टक्के’ असं जुन्या छापाचं वाक्य अजून दिसत असेल तर त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

म्हणून फेडायला जाण्याच्या आदल्या दिवशी शाखेकडून बंद करण्याच्या रकमेचा तपशील लेखी मागवावा. त्यात मुद्दल, व्याज, दिवस, दर आणि शुल्क वेगवेगळे असावेत. नुसता एक आकडा फोनवर सांगून ‘एवढे घेऊन या’ म्हटलं तर तो तपासायचा कसा?

पैसे भरल्यावर दागिने त्याच दिवशी, आणि काही अडचण असेल तर जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत, परत मिळायला हवेत. संस्थेच्या चुकीने त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची तरतूद नव्या नियमांत आहे. अर्थात दागिने मुख्य शाखेच्या तिजोरीत आहेत, ही संस्थेची अडचण झाली, कर्जदाराची नव्हे.

दागिने हातात आले की लगेच पिशवीत टाकू नयेत. पाकिटाचं सील आपल्यासमोर फोडायला सांगावं, पारखीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवावं आणि प्रत्येक दागिना पुन्हा काट्यावर घ्यावा. आपल्या उदाहरणात पाटल्या १६ ग्रॅम, मंगळसूत्र मण्यांसकट १६. मंगळसूत्र १५.६ भरलं तर सही करायची नाही. ‘दागिने सुस्थितीत मिळाले’ या ओळीवर सही झाली की नंतर बोलायला जागा उरत नाही. संस्थेच्या ताब्यात असताना दागिना मोडला तर दुरुस्तीचा खर्च तिने करायचा असतो, आणि हरवला किंवा घट आली तर भरपाई द्यायची असते. प्रमाणपत्रावर आधीच्या मोडतोडीची नोंद करायला सांगितलं जातं ते यासाठीच. ती नोंद दोन्ही बाजूंना उपयोगी पडते.

ज्यांना सोडवणं जमतच नाही, त्यांच्यासाठी एक बाब. लिलावाआधी नोटीस देणं आवश्यक आहे, आणि लिलावाची राखीव किंमत सोन्याच्या त्या वेळच्या मूल्याच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही. दोनदा लिलाव फसला तर ती ८५ पर्यंत उतरते. देणं वळतं करून उरलेली रक्कम कर्जदाराचीच असते, आणि लिलावाचे पैसे पूर्ण जमा झाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ती परत करायची असते. पुष्कळ घरांत लिलाव म्हणजे सगळं गेलं असं धरून कुणी ही रक्कम विचारायलाही जात नाही. २,६०,००० च्या सोन्यावर २,१६,६०० चं देणं असेल तर उरणारे पैसे सोडून देण्याइतके थोडे नाहीत. लिलावाच्या हिशोबाची प्रत मागावी.

कागदाच्या भाषेबद्दलही नियम आहे. कर्जाच्या अटी, पारखीचा तपशील, लिलावाची पद्धत हे सगळं त्या भागाच्या भाषेत किंवा कर्जदाराने निवडलेल्या भाषेत कळवायचं आहे. सांगलीत, साताऱ्यात, अकोल्यात इंग्रजी छापील पावती पुढे सरकवली तर मराठी प्रत मागता येते. कर्जदाराला वाचता येत नसेल तर संस्थेशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर अटी समजावून सांगाव्या लागतात.

हिशोब जुळला नाही तर आधी शाखेला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेविरुद्धची तक्रार तिथे घेतली जात नाही. ती सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे द्यावी लागते. तक्रारीला पावती, पारखीचं प्रमाणपत्र, की फॅक्ट्स स्टेटमेंट आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पोच जोडावी. हे चार कागद दागिने घरी आल्यावरही काही महिने फेकू नयेत.